मधली सुट्टी संपली की पोरगं बसकण मारतं : डाऊन सिंड्रोम, इयत्ता तिसरी

मामा_तासगाव
भाचा ९ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम आहे. तासगावजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत जातो. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, पण समजतं त्याला त्याहून बरंच जास्त. सकाळी हसत शाळेत जातो. मात्र दोन महिने झाले, मधली सुट्टी संपली की व्हरांड्यात फतकल मारून बसतो आणि काही केल्या उठत नाही. बाईंनी दंड धरून उठवायला घेतलं की अंग सैल सोडून आडवाच होतो. अर्धा तास असा गेला की बहिणीला फोन येतो आणि ती स्कूटीवरून त्याला घरी आणते. आता बाई म्हणायला लागल्यात, "याला विशेष शाळेत घाला." बहीण हवालदिल झालीय. हा हट्ट समजायचा की दुसरं काही? आणि दहावीपर्यंत आम्ही नेमकी अपेक्षा तरी कशाची धरायची?

बापूसाहेब
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा लाडाचा परिणाम आहे. ही मुलं मुळात हट्टी असतात आणि घरातले "बिचारा" म्हणून सोडून देतात. बाकीच्या पोरांना जो नियम तोच यालाही लावा. दोन दिवस उचलून वर्गात नेऊन बसवा, तिसऱ्या दिवशी आपोआप जाईल.

विशेष_शिक्षिका_मिरज
बापूसाहेब, नियम सगळ्यांना सारखा हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. यातल्या बऱ्याच मुलांचं वागणं "त्याला काय कळतंय" म्हणून सोडून दिल्यानंच बिघडतं. पण उचलून नेण्याला माझा विरोध आहे. आणि "मुळात हट्टी" म्हटलं की कारण शोधायचं काम तिथंच थांबतं.

मामा, उपाय नंतर बघू. आधी एक वहीचं पान घ्या आणि चार रकाने आखा: दिवस आणि वेळ, बसण्याच्या अगदी आधी काय घडलं, त्यानं काय केलं, आणि त्यानंतर बाकीच्यांनी काय केलं. "हट्ट केला" असं लिहायचं नाही. "पायरीवर बसला, मान खाली, हाक मारली तर बघितलं नाही, २० मिनिटं" असं, डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. बाईंना वेळ नसेल तर पोषण आहार वाढणाऱ्या ताईंना सांगा, त्या तिथंच असतात. दोन आठवडे रोज लिहा, आणि ज्या दिवशी बसला नाही त्या दिवसाची नोंद तर नक्की हवी. कारण बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

शिवाय तीन गोष्टी विचारून घ्या. शनिवारी सकाळच्या शाळेत असं होतं का? सुट्टीनंतरचा तास कशाचा असतो? आणि खिचडी संपवायला त्याला किती वेळ लागतो?

फिजिओ_विश्रामबाग
नोंदी होईपर्यंत एक गोष्ट आजपासूनच बंद करा: दंड धरून ओढणं. या मुलांचे स्नायू सैल असतात आणि सांध्यांचे बंधही ढिले असतात. खाली बसलेल्या मुलाला हाताला धरून वर खेचलं तर खांदा, कोपर दुखावू शकतं. मानेच्या वरच्या दोन मणक्यांतही काही मुलांना ढिलेपणा असतो, त्यामुळे मागून काखेत हात घालून झटक्यानं उचलणंही नको. चालण्यात अचानक फरक पडला, मान वाकडी धरू लागला, मान दुखते म्हणाला किंवा आलेलं लघवीचं नियंत्रण पुन्हा गेलं, तर तो वागण्याचा प्रश्न समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि बापूसाहेब, उचलून नेलं की मुलाला कळतं ते एवढंच: बसलं की मोठी माणसं धावत येतात, अंगाला हात लावतात, सगळी शाळा बघते. या मुलांना माणसांची भारी ओढ असते. तुम्ही शिक्षा समजून करता, त्याला ती गंमत वाटू शकते.

सुनीता_इस्लामपूर
माझ्या पुतणीचं दिव्यांगांसाठीचं यूडीआयडी ओळखपत्र अजून झालेलं नाही. ते असेल तर शाळेला असं काढून टाकता येत नाही ना? अर्ज कुठं करायचा?

विशेष_शिक्षिका_मिरज
सुनीताताई, अर्ज swavlambancard.gov.in वर करायचा आणि तपासणीला सरकारी रुग्णालयात जायचं. कागदपत्रांसाठी वेगळा धागा काढा, इथं हरवून जाईल.

तुमच्या प्रश्नातला एक भाग मात्र मामांच्या कामाचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. निवड घरच्यांची. बाई सुचवू शकतात, पाठवून देऊ शकत नाहीत. तरी पहिल्याच भेटीत कायदा पुढं करू नका. त्याच शाळेत अजून वर्षं काढायची आहेत.

बालरोग_सांगली
वागणं एकदम बदललं आणि त्याला दोन महिनेच झालेत, म्हणून आधी शरीर तपासा. माझ्या मते चार गोष्टी बघायच्या.

पहिला कान. या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, पडद्यामागं पाणी साठतं आणि सर्दी झाली की ऐकू येणं कमी होतं. गंमत म्हणजे ते रोज सारखं नसतं. एक दिवस ऐकतो, दुसऱ्या दिवशी नाही. मग लोक म्हणतात "त्याला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं." कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना टिम्पॅनोमेट्री करायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे आणि दुखत नाही.

दुसरी झोप. घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, मांडी घालून पुढं वाकून झोपतो का किंवा मान मागं टाकून झोपतो का, हे रात्री बघा आणि मोबाईलवर दोन मिनिटांचं चित्रण करा. झोपेत श्वास अडकणं या मुलांमध्ये फार मोठ्या प्रमाणावर आढळतं. असं मूल दुपारी पेंगेलच असं नाही, कधी चिडचिडं होतं किंवा ठिय्या देतं. तिसरं थायरॉईड, टीएसएच वर्षातून एकदा व्हायलाच हवं. आणि चौथी बद्धकोष्ठता, ती तर कुणी विचारतच नाही. जेवल्यावर पोटात कळ येत असेल तर मूल खाली बसणारच, आणि हा जेवणानंतरच बसतो.

खर्चाची अडचण असेल तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मुलांच्या तपासणीचं डीईआयसी केंद्र असतं, तिथं चौकशी करा. १८ वर्षांपर्यंतची मुलं तिथं बघतात.

आजोबा_विटा
आमच्या नातीलाही डाऊन सिंड्रोम आहे. १४ वर्षांची, आठवीत. ती अशी बसत वगैरे नाही, पण दिवाळीपासून खोलीचं दार लोटून एकटीच बोलत बसते. हातवारे करते. बाहेरची बाधा वगैरे मी मानत नाही, पण घरात कुजबुज सुरू झालीय. हे त्याच्यातलंच का?

मानस_सांगली
आजोबा, स्वतःशी बोलणं या मुलांमध्ये इतकं नेहमीचं आहे की नुसतं तेवढं ऐकून मी घाबरणार नाही. दिवसभर घडलेलं ती पुन्हा बोलून बघतात, उद्याची तयारी करतात, राग काढतात. आपण मनात करतो ते त्यांचं तोंडातून बाहेर पडतं. दार लोटून बोलते ही तर चांगली खूण आहे, चारचौघांत करायचं नसतं एवढं तिला कळलंय.

पण दिवाळीपासूनच का? घरात काही बदललं का त्या सुमारास?

आजोबा_विटा
थोरला नातू पुण्याला कॉलेजला गेला. तो जुलैत. दिवाळीला येऊन चार दिवस राहिला आणि परत गेला.

मानस_सांगली
मग तिथून सुरुवात करा. तो गेला तेव्हा ती काही बोलली नाही म्हणजे तिला काही वाटलं नाही, असं घरच्यांनी धरलं असेल. या मुलांचं दुःख उशिरा बाहेर येतं. जुलैत तिच्या लेखी तो गावाला गेला होता. दिवाळीला येऊन पुन्हा गेला तेव्हा "हा आता इथं राहत नाही" हे उमगलं असावं. एक कॅलेंडर तिच्या उंचीला लावा, दर रविवारी त्याच वेळेला त्याचा व्हिडिओ कॉल, आणि तो येणार त्या तारखेवर त्याचा फोटो चिकटवा. "येईल लवकरच" असं सांगून भागत नाही. तिला ते बघायला मिळालं पाहिजे.

बोलणं बंद करायला लावू नका. "घरात, खोलीत बोल. एसटीत, बाजारात नाही" एवढा नियम पुरे.

मात्र आवाज चढलेला, भेदरलेला किंवा स्वतःलाच शिव्या देणारा झाला, झोप उलटीपालटी झाली, जेवण सुटलं, आंघोळ-वेणी जी स्वतः करायची ती सुटली, आणि हे सगळं काही आठवड्यांत घडलं, तर थांबू नका. पौगंडावस्थेत काही मुलांची शिकलेली कौशल्यं आणि बोलणं झपाट्यानं जातं. "डाऊन सिंड्रोम आहे, व्हायचंच" म्हणून ते सोडून देतात, तसं करू नका. थायरॉईड, बी १२, झोप तपासून मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

मामा_तासगाव
दोन आठवडे पान भरलं. पोषण आहाराच्या ताईंनी लिहिलं, त्यांचे उपकार आहेत. सोमवार ते शुक्रवारच्या १० दिवसांत ७ दिवस बसला. दोन्ही शनिवारी एकदाही नाही. शनिवारी नंतर कवायत आणि खेळ असतात. इतर दिवशी सुट्टीनंतर गणित, आणि ते फळ्यावरून उतरवून घ्यायचं असतं.

जे तीन दिवस बसला नाही त्यातले दोन दिवस बाई रजेवर होत्या, दुसरी-तिसरी एकत्र बसवून गाणी घेतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गणितच होतं, तरी उठून गेला! फरक एवढाच की त्या दिवशी बहिणीनं मऊ शिरा डब्यात दिला होता. लवकर खाल्ला आणि पोरांबरोबर खेळला. एरवी खिचडी संपवायला त्याला २५ मिनिटं लागतात, सुट्टी ३० मिनिटांची. ताईंनी शेवटच्या रकान्यात लिहिलंय, "ताट धुतो तोवर घंटा होते."

कानाचं बालरोग डॉक्टर म्हणाले तसंच निघालं. दोन्ही कानांत पाणी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, तोवर पुढच्या बाकावर बसवा म्हणालेत. थायरॉईड ठीक आहे. घोरत नाही. पोटही साफ होतं.

विशेष_शिक्षिका_मिरज
फार चांगली नोंद आहे. ताईंचं ते एक वाक्य म्हणजे निम्मं उत्तर आहे.

बघा काय होतंय. तोंडाचे स्नायू सैल, चावायला वेळ लागतो, म्हणून जेवणातच सुट्टी संपते. खेळ हातातून जातो. तोवर घंटा होते, ती कानातल्या पाण्यामुळे त्याला नीट ऐकू येते की नाही कोण जाणे. त्याच्या दृष्टीनं पोरं एकाएकी पळायला लागतात. पुढं गणित, फळ्यावरून उतरवायचं, म्हणजे मान वर करून अंक लक्षात ठेवायचा आणि खाली लिहायचा. अंक, शब्द क्षणभर डोक्यात धरून ठेवणं हीच त्याची अवघड बाजू. आणि बसून राहिलं तर काय होतं? आई स्कूटी घेऊन येते. माझ्या हातात शब्द कमी असते तर मीही बसले असते.

म्हणून बाईंकडून दोनच गोष्टी मागा. त्याला रांगेत पहिला वाढायचं आणि सुट्टीच्या १० मिनिटं आधी जेवायला बसवायचं. दुसरं, सुट्टीनंतरच्या पहिल्या १० मिनिटांत फळा नको. तीच गणितं त्याच्या वहीत मोठ्या अंकात आधीच लिहून द्यायची, पाच नाही, तीन. ते लिहून देण्याचं काम बहीण आदल्या रात्री करू शकते.

बाकीचं घरून करता येतं. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर तीन फोटो चिकटवा: ताट, पोरांचा खेळ, वर्गातली त्याची जागा. चित्रं नको, त्याच्याच शाळेचे फोटो. घंटेच्या पाच मिनिटं आधी एकानं ते कार्ड त्याच्यासमोर धरून "आता खेळ, मग वर्ग" एवढंच म्हणायचं. घंटा झाली की वर्गाच्या फोटोवर बोट. मग तोंड बंद ठेवून मनात दहा आकडे मोजायचे. इथंच सगळ्यांचं चुकतं. दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की आपण पुन्हा हाक मारतो, वेगळ्या शब्दांत सांगतो, आणि त्याचं आतलं गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. शिवाय त्याला एक काम द्या, खडूचा डबा वर्गात नेऊन ठेवायचा. रिकाम्या हातानं जाण्यापेक्षा काही घेऊन जाणं त्याला सोपं जाईल.

तरीही बसला तर? पोरांना आत पाठवायचं. एका मोठ्या माणसानं तीन-चार हातांवर, तोंड दुसरीकडे करून उभं राहायचं, समजूत नाही, रागावणं नाही. दोन मिनिटांनी कार्ड पुन्हा एकदा. उठला की लगेच "डबा घेतलास, छान." फोन करून घरी पाठवणं बंद. आजारी असेल तरच फोन.

पहिल्या आठवड्यात हे उलट वाढेल. नेहमी अर्ध्या तासात आई यायची, आता येत नाही म्हटल्यावर तो जास्त वेळ बसून बघेल, चप्पल फेकेल. तिथं एकदा जरी स्कूटी आली तर त्याला कळतं की ४५ मिनिटं बसावं लागतं. म्हणून ज्या आठवड्यात बाई रजेवर नाहीत, परीक्षा नाही, घरात लग्नकार्य नाही, तोच सुरुवातीला निवडा.

बापूसाहेब
ताई, कागदावर झकास आहे. दोन वर्गांना एक शिक्षक, वर माहिती भरायचा ताप. दहा आकडे मोजत कोण उभं राहणार? बाईंची बाजू कुणी मांडतच नाही इथं.

विशेष_शिक्षिका_मिरज
ते खरं आहे. म्हणूनच दोनच गोष्टी मागा म्हटलं. आज त्या बाईंचा अर्धा तास जातोच आहे. गट साधन केंद्राकडून समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक शाळांना भेट देतात, मुख्याध्यापकांनी लेखी मागणी केली तर सुरुवातीच्या दिवसांत ते येऊन उभे राहू शकतात. प्रत्येक ठिकाणी जमतं असं नाही.

मामा_तासगाव
किती दिवसांत फरक दिसायला हवा? आणि दहावीपर्यंतचं तसंच राहिलं.

मानस_सांगली
आत्ता घंटेपासून बाकावर बसेपर्यंत अर्धा तास जातो आणि तोही शेवटी घरी. पहिलं ध्येय असं लिहा: तीन आठवड्यांत, आठवड्यातले तीन दिवस, १५ मिनिटांच्या आत वर्गात. ते जमलं की पाच मिनिटं, चार दिवस, एकदा कार्ड दाखवून. पाचही दिवसांचं ध्येय ठेवू नका, बाकीची पोरं तरी पाचही दिवस कुठं वेळेवर जातात? तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तर मुलाला दोष न देता पान पुन्हा बघायचं, कारण धरण्यात चूक झाली असेल. तेव्हा अतिचंचलता किंवा स्वमग्नता सोबत आहे का हेही तपासून घ्यावं, डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांत ती असते.

पुढचं सांगायचं तर एका वेळी दोनच गोष्टी धरा. पाचवीपर्यंत "नको", "थांब", "मदत" हे तीन शब्द किंवा खुणा, कारण ज्याला "नको" म्हणता येतं त्याला बसकण मारावी लागत नाही. आणि संडास-कपडे स्वतःचे स्वतः. आठवीपर्यंत मिठी मारण्याऐवजी नमस्कार. सहा वर्षांच्या पोरानं पाव्हण्याला मिठी मारली की सगळे गालगुच्चे घेतात, चौदाव्या वर्षी तेच केलं की ओरडा बसतो. नियम तिसरीतच बदला: मिठी घरच्यांना, नमस्कार बाकीच्यांना. दहावीच्या वयाला भडंगाच्या दुकानात ५० ची नोट देऊन उरलेले पैसे येईपर्यंत थांबता आलं, हिशेब न आला तरी, तर ते मोठं काम आहे. वाचन बऱ्याच जणांना थोडंफार येतं, गणित बहुधा मागंच राहतं. कोण किती पुढं जाईल हे नवव्या वर्षी कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

बालरोग_सांगली
शाळा कोणती यावर माझं थोडं वेगळं मत आहे. पाचवीनंतर दर तासाला शिक्षक बदलतात आणि पोरांचं बोलणं याच्यापुढं निघून जातं. माझ्याकडं येणारी काही मुलं सातवी-आठवीत वर्गात नुसती बसून असतात, मित्र एकही नाही. तेव्हा विशेष शाळेचा विचार हार म्हणून करू नये.

विशेष_शिक्षिका_मिरज
डॉक्टर, उलटही बघितलंय. बोलणं बोलणाऱ्या पोरांत राहूनच वाढतं. पण मित्र नाही, हा मुद्दा मला खोडता येत नाही. आठवीला पुन्हा बघावं, तिसरीत ठरवू नये.

आजोबा_विटा
आमच्या नातीला तिच्यासारख्या दोन मैत्रिणी मिळाल्या तर बरं असं वाटतंय. विट्यात कुणी असेल तर कळवा. कॅलेंडर लावलं. फोटो तिनंच चिकटवला, वाकडा.

मामा_तासगाव
बाई पहिला वाढायला तयार झाल्या. फळ्याचं "बघू" म्हणाल्या. खडूचा डबा त्यानं दोन दिवस नेला, तिसऱ्या दिवशी डबा घेऊनच बसला. जूनला चौथीत नव्या बाई येतील, त्यांना हे सगळं पहिल्यापासून सांगायचं का?

विशेष_शिक्षिका_मिरज
डबा घेऊन बसला तरी डबा परत घेऊ नका, तसाच राहू द्या. तिसऱ्या दिवशी ताट उशिरा मिळालं होतं का ते ताईंना विचारा.

नव्या बाईंसाठी एकच पान, मे महिन्यात लिहून ठेवा आणि शाळा सुरू व्हायच्या आधी हातात द्या. वर त्याचा फोटो. मग: पुढच्या बाकावर बसवा, सर्दीत कमी ऐकू येतं. एकदा सांगा आणि दहापर्यंत मोजा. हाताला धरून ओढू नका. जेवायला १० मिनिटं आधी बसवा. बसला तर काय करायचं ते दोन ओळींत. काय आवडतं: ढोलकी, डबा नेणं. आणि बहिणीचा नंबर, त्याच्यापुढं कंसात "आजारी असेल तरच". मोठ्या सुट्टीनंतर पहिले आठ-दहा दिवस तो पुन्हा बसेल, तेही त्यात लिहा, म्हणजे बाई घाबरणार नाहीत. तोवर कानाची तपासणीही झालेली असेल. पाणी तसंच असेल तर पुढच्या उपचाराचं डॉक्टरांशी तेव्हाच बोलून घ्या.